उत्तर संध्याकाळी देते

लग्नाच्या साइटवरच्या फॉर्ममध्ये उंची, शिक्षण, रास, नाडी, उत्पन्न, चष्मा आहे की नाही, सगळ्याला रकाने असतात. तुम्ही झोपता कधी, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक माणसं रात्री झोपतात, त्यामुळे विचारायची गरज पडत नसणार. आम्ही नर्सेस महिन्यातले कितीतरी दिवस सकाळी दहाला झोपतो आणि संध्याकाळी उठतो. ही माहिती शेवटी ‘माझ्याविषयी’ नावाच्या मोकळ्या चौकटीत बसवावी लागते. आमच्या आयसीयूत लग्नाच्या वयाच्या मुली दरवर्षी नव्यानं येतात, आणि त्यांच्या या चौकटीचे मसुदे आम्हा जुन्या सिस्टरांच्या फोनवर फिरत राहतात. मी त्यातले बरेच वाचले आहेत. माझं मत असं झालंय की त्या चार-सहा ओळींवर पुढचं खूप काही ठरतं, आणि त्या ओळी बहुतेकींच्या हातून घाईत लिहिल्या जातात.

मागच्या वर्षी एका मुलीनं मला तिचा मसुदा दाखवला. वय अठ्ठावीस, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, कामात अतिशय नेटकी. तिनं लिहिलं होतं: ‘मी नर्स आहे. नाईट शिफ्ट असते. साधी, घरगुती, समजूतदार. नोकरी समजून घेणारा जोडीदार हवा.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. पण ‘समजून घेणारा’ म्हणजे नेमकं काय समजून घेणारा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. रात्रपाळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रात्रीची जागी बाई येते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता गाढ झोपलेली बाई येत नाही. अडचण सगळी तिथून सुरू होते.

आधी आमची पाळी कशी असते ते सांगते. प्रत्येक रुग्णालयाचं थोडं वेगळं असतं, पण आमच्याकडे सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. नाईट ओळीनं येतात आणि मग नाईट ऑफ मिळतो. आठची ड्युटी म्हणजे पावणेआठला युनिफॉर्ममध्ये बेडजवळ उभं असावं लागतं, कारण दुपारच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे प्रत्येक पेशंटची सगळी माहिती, घ्यायची असते. कोणता पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, कोणाचा बीपी कोणत्या औषधावर धरून ठेवलाय, कोणाचे रिपोर्ट यायचेत, कोणाचे नातेवाईक बाहेर रडतायत. मग क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या सामानाची ट्रॉली, तपासायची, औषधं मोजायची, ऑक्सिजन आणि सक्शन चालू आहे ना ते बघायचं. त्यानंतर दर तासाला नाडी, बीपी, श्वास, लघवीचं माप. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची. पहाटे पाचच्या सुमारास रक्ताचे नमुने, मग स्पंजिंग, चादरी, चोवीस तासांच्या पाण्याचा जमाखर्च, आणि आठला सकाळच्या सिस्टरला ओव्हर द्यायची. एखादा पेशंट सात वाजता खालावला तर साडेनऊही वाजतात. आठला सुटले असं म्हणणारी आयसीयूची नर्स मला अजून भेटायची आहे.

घरी येऊन अंघोळ, दोन घास, आणि साडेदहाच्या आसपास अंथरुणाला पाठ. तेव्हाही झोप पूर्ण मिळत नाही. आपलं शरीर आत एक घड्याळ चालवत असतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं, आणि सकाळी उजेड डोळ्यांवर पडला की ते घड्याळ ‘ऊठ’ म्हणू लागतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. रात्रभर जागलेली नर्स झोपायला जाते ती नेमकी या घड्याळाच्या विरुद्ध. म्हणून रात्री आठ तास झोपणारी बाई दिवसा पाच-सहा तासांवर जागी होते, तीही खोली अंधारी आणि शांत असेल तर. दारावर कुरिअरवाला, खालच्या मजल्यावर ड्रिल, स्वयंपाकघरात कुकर, आणि ‘अजून झोपलीये का?’ असं हळू आवाजात, पण ऐकू येईल असं विचारणारी मावशी, यांतलं काहीही एक पुरतं.

आता या वेळापत्रकावर नवख्या ओळखीचं बोलणं ठेवून बघा. त्या मुलीला पहिल्या महिन्यात ज्यांच्याशी बोलायला मिळालं त्यातला एक मुलगा खरोखर चांगला होता. तो रोज सकाळी सव्वाआठला कामावर निघताना मेसेज करायचा. ‘चहा झाला का?’ ती तेव्हा ओव्हर देत असायची. दुपारी एकला जेवणाच्या सुट्टीत तो फोन करायचा, तेव्हा ती झोपलेली. संध्याकाळी पाचला ती उत्तर द्यायची, तेव्हा तो मीटिंगमध्ये. तो रात्री नऊला मोकळा व्हायचा तेव्हा तिचा फोन लॉकरमध्ये. आठवड्याभरात त्यानं लिहिलं, ‘तुम्हाला फारसा रस नाही असं वाटतंय.’ तिला रस होता. दोघांचे मोकळे तास एकमेकांना कधी शिवतच नव्हते, आणि हे दोघांपैकी कोणी कागदावर मांडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्यानं वेगळंच विचारलं. रात्री सव्वादोनला ती ऑनलाइन दिसली होती. ‘इतक्या रात्री कोणाशी बोलत होतीस?’ ती वीस मिनिटांची जेवणाची सुट्टी होती. डबा खाता खाता आईचा ‘जेवलीस का’ हा मेसेज ती वाचत होती. हा प्रश्न आमच्यातल्या किती जणींनी ऐकलाय त्याला गणती नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दिसणारी वेळ दिवसा काम करणाऱ्याच्या हिशेबानं वाचली जाते, आणि त्या हिशेबात रात्री दोनला जागी असणारी बाई लगेच संशयात येते. हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला तर मुलींनी तो हलक्यात घेऊ नये असं मला वाटतं. एकदा समजावून सांगावं. सांगितल्यावरही पुन्हा तेच आलं तर तिथं थांबावं.

तिसऱ्याच्या आईनं थेट विचारलं, ‘लग्नानंतर नाईट बंद करून घेता येईल ना?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर नर्सिंगमधली नाईट अर्ज करून बंद होत नाही. गरोदरपणात, बाळंतपणानंतर, आजारपणात काही काळ सवलत मिळते, तीही जागा आणि माणसं बघून. कायम दिवसाचं काम हवं तर ओपीडी, इन्फेक्शन कंट्रोल, कॉलेजमध्ये ट्यूटर, अशा मोजक्या जागा असतात. त्यांतल्या काहींना बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग लागतं, आणि त्या जागा रिकाम्या व्हाव्या लागतात. ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेलेलं हे उत्तर लग्नानंतर घरात भांडण होऊन परत येतं. ते प्रोफाइलमध्येच असलेलं बरं. स्थळं कमी येतील. येतील ती हे वाचून आलेली असतील.

तेव्हा आम्ही बसलो आणि नव्यानं लिहिलं. लिहिलं तिनंच, मी फक्त विचारत गेले. तुला खरंच कधी बोलायला आवडतं? नाईट असताना, की दिवसाच्या पाळीत? उत्तराला किती वेळ लागला तर तुला त्यात गैर वाटत नाही? गप्प असतेस तेव्हा त्याचा अर्थ काय असतो? पहिला मसुदा विनवणीसारखा होता, समजून घ्या म्हणणारा. मला तिथं माहिती हवी होती. शेवटी हे तयार झालं:

‘मी एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. काम मला मनापासून आवडतं. माझ्या पाळ्या बदलतात आणि त्यात नाईटही असतात. नाईट चालू असताना मी सकाळी दहा ते दुपारी चार झोपते, तेव्हा फोन बंद असतो. कामावर फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून त्या वेळेत उत्तर येणार नाही. मध्यरात्री कधी ऑनलाइन दिसले तर ती माझी जेवणाची वेळ आहे. निवांत बोलायचं तर नाईट असताना संध्याकाळी साडेचार ते सहा, आणि एरवी सुट्टीच्या दिवशी. उत्तर एक दिवस उशिरा आलं तर ती माझी नेहमीची चाल समजा. तीन दिवस झाले तरी आलं नाही तर पुन्हा विचारा, मला राग येत नाही. लग्नानंतरही ही नोकरी करायची आहे, आणि तिच्यात नाईट राहणार आहे. घाईघाईत भेटून ठरवण्यापेक्षा काही आठवडे लिहून, बोलून ओळख व्हावी असं वाटतं. लिहाल तेव्हा एक सांगा: तुमच्या घरी दुपारी काय चालू असतं?’

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. झोपेची वेळ दिली आहे, घरातून निघायची आणि परतायची वेळ दिलेली नाही. रुग्णालयाचं नाव नाही, भाग नाही. कोणती बाई रात्री किती वाजता कोणत्या रस्त्यानं एकटी जाते हे अनोळखी माणसाला कळायचं कारण नाही. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या नर्सवर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं हल्ला केला. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथंच होत्या, आणि तिथल्या नर्सेसनी इतकी वर्षं त्यांना सांभाळलं. आमच्या आयांना हे नाव पाठ आहे. मुलीची पहिली नाईट लागली की त्या का झोपत नाहीत, ते आम्हाला कळतं. म्हणून मी प्रत्येकीला सांगते: उपलब्ध कधी आहेस ते लिही, कुठं असतेस ते ओळख झाल्यावर सांग.

फोटोचंही तेच. तिला युनिफॉर्ममधला फोटो लावायचा होता, आणि का लावू नये, तो तिनं कमावलेला युनिफॉर्म आहे. फक्त ओळखपत्र काढून ठेवलं आणि वॉर्डात न काढता होस्टेलच्या अंगणात काढला. मागे बेड, मॉनिटर, फाइल, पेशंटचा हात, काहीही येता कामा नये. आजारी माणसानं आपल्या अंथरुणाचा फोटो कुणाच्या लग्नासाठी वापरायची परवानगी दिलेली नसते.

‘एक दिवस उशीर, तीन दिवसांनी पुन्हा विचारा’ या ओळीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. नवीन ओळखीत गप्प राहण्याला प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो, आणि तो बहुतेक वेळा वाईट असतो. मोजमाप दिलं की समोरच्याला कळतं, कालची शांतता नेहमीची आहे आणि आजची विचारण्यासारखी आहे. हे देताना आपल्यावरही एक जबाबदारी येते. तीन दिवसांच्या आत उत्तर द्यायचंच, ते ‘या आठवड्यात फार थकले आहे, रविवारी लिहिते’ एवढंच असलं तरी. वेळ सांगून ती पाळायची नसेल तर न सांगितलेली बरी.

शेवटचा प्रश्न तिला सुरुवातीला विचित्र वाटला. दुपारी काय चालू असतं हा कसला प्रश्न? पण आवडता पदार्थ, आवडता अभिनेता असल्या प्रश्नांची उत्तरं दोन शब्दांत संपतात, आणि दोन शब्दांच्या उत्तराला लगेच प्रत्युत्तर द्यावं लागतं. अशा टोलवाटोलवीसाठी दोघं एकाच वेळी जागे लागतात. जिचे तास जुळत नाहीत तिनं असा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर सावकाश लिहिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी वाचलं तरी ताजं असतं. शिवाय दुपार हाच तिच्या संसाराचा खरा प्रश्न आहे. ज्या घरात ती उद्या दुपारी झोपणार, त्या घराची दुपार आधी माहीत असायला हवी.

उत्तरं कमी आली. काहींनी प्रश्नाकडे पाहिलंच नाही, ‘हाय’ लिहून मोकळे झाले. एकानं लिहिलं की दुपारी घरी कोणीच नसतं, कुलूप असतं. तेही उपयोगाचं होतं. आणि सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शिक्षकानं चांगलं पानभर लिहिलं. दुपारी आई मागच्या पडवीत धान्य निवडत बसते, रेडिओ चालू असतो, एक वाजता कुकर होतो, दोनला शेजारची दोन मुलं अभ्यासाला येतात, चारला दूधवाला हाक मारतो. मग त्यानं शेवटी विचारलं होतं, ‘यातलं तुम्हाला कशाचा त्रास होईल?’ मला ते पत्र तिनं दाखवलं तेव्हा मी तो प्रश्न पुन्हा वाचला. तिच्या झोपेची काळजी त्यानं न सांगता करायला घेतली होती.

त्यांचं बोलणं सुरू झालं ते असं. ती संध्याकाळी पाचला लिहायची, तो रात्री वाचून सकाळी शाळेत जायच्या आधी उत्तर ठेवायचा, ती दुपारी उठून ते वाचायची. थकलेली असेल तेव्हा आवाजी निरोप पाठवायची, कारण नाईटनंतर टाइप करायला नको वाटतं आणि बोलताना थकवा लपत नाही. तो लपू नये असंच मला वाटतं. महिन्याची ड्युटी लिस्ट लागली की ती आपल्या नाईटच्या तारखा त्याला कळवू लागली. त्यानं स्वतःहून त्या शाळेच्या डायरीत लिहिल्या. मग कोणत्या आठवड्यात काय अपेक्षा ठेवायची ते त्याला आधीच ठाऊक असायचं.

भेटायची वेळ आली तेव्हा दोन्ही घरांनी नाईट ऑफचा दिवस धरला, सकाळी अकरा वाजता, तिच्या घरी, रीतसर पोहे वगैरे. इथं मी मध्ये पडले. बाहेरच्या माणसाला नाईट ऑफ म्हणजे सुट्टी वाटते. बऱ्याच ठिकाणी सकाळी ड्युटी संपते तोच दिवस नाईट ऑफ म्हणून मोजला जातो, म्हणजे ती बारा तास जागून आलेली असते. त्या दिवशी दुपारी दोन-तीन तास झोपून रात्री वेळेवर झोपायचं असतं, तरच शरीर पुन्हा दिवसाला लागतं. अशा दिवशी तिला साडी नेसवून अनोळखी सहा माणसांसमोर बसवलं तर ती गप्प बसेल, आणि ‘मुलगी बोलकी नाही’ असा शेरा मिळेल. चिडचिडी वाटली तर त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ घ्या म्हटलं. एक पूर्ण रात्र झोपलेली नर्स वेगळं माणूस असतं. तिच्या वडिलांना आधी हे पटेना, पाहुण्यांना आपल्या सोयीनं बोलवायचं कसं. तिनंच मग त्या शिक्षकाला कारण लिहून कळवलं, आणि तारीख त्यांच्या बाजूनं बदलून आली.

सावकाश बोलण्यातही फसगत होऊ शकते, हे मुलींना सांगावं लागतं. उशिरा येणारं प्रत्येक उत्तर सावकाश माणसाचंच असतं असं नाही. माझी खूण साधी आहे. सावकाश माणूस तुम्ही आधी लिहिलेलं धरून बोलतो. तुमच्या बेड सहाच्या आजोबांची ट्यूब निघाली का, हे तो चार दिवसांनीही विचारतो. तसं विचारलं तर आजोबांचं नाव-गाव न सांगता ‘हो, निघाली’ एवढं सांगायला हरकत नाही. ज्याला रस नाही तो दर वेळी नव्यानं सुरू करतो, ‘काय मग, कशी आहेस’. असं तीन-चार वेळा झालं की तास जुळण्याचा प्रश्न उरत नाही. आणि काही माणसांना खरंच रोज, लगेच, दिवसातून दहादा बोललेलं लागतं. त्यात त्यांचा दोष नाही. नाईट करणाऱ्या बाईबरोबर ती सुखी होणार नाहीत, आणि ते पहिल्या महिन्यात कळलं तर दोघांचं बरं.

त्या दोघांचं अजून ठरलेलं नाही. भेट झाली, दोन्ही घरं पुन्हा बोलतायत. बदलीचा प्रश्न आहे, तिथल्या जिल्हा रुग्णालयात जागा निघते का ते बघायचंय. त्याच्या आईनं परवा एक निरोप पाठवला. मागच्या खोलीला पडवीचा आवाज येतो, पण माडीवरची खोली रिकामी आहे, तिथं जाड पडदे लावले तर चालेल का? फक्त पत्र्यामुळे ती मे महिन्यात तापते. तिला अजून उत्तर द्यायचंय. सध्या नाईट चालू आहेत, तिनं संध्याकाळी फोन करते म्हणून कळवलंय. कूलरचं विचार, असं मी तिला सांगितलं.